तुरटी टाकूनही टाकी गढूळच? या चुका टाळा

नाशिकला पावसाळ्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीला चहाच्या रंगाचं पाणी येतं. एकदा हजार लिटरची टाकी संध्याकाळी भरली, रात्रभरात गाळ बसेल म्हणून तशीच ठेवली. सकाळी चहा तो चहाच. मग आबांनी पाव किलोचा तुरटीचा खडा दोरीला बांधून टाकीत सोडला. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दोन दिवसांनी खडा बराच झिजला होता, आणि पाणी तांबूस जाऊन दुधाळ झालं होतं. निवळलं मात्र नव्हतं.

पहिली चूक वाट पाहण्याची. गाळ म्हणजे एकच वस्तू नव्हे. कणाचा व्यास दहापट कमी झाला की तो शंभरपट हळू बसतो. बारीक रेतीचा कण, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, एक मीटर खोल टाकीत दोन-तीन मिनिटांत तळाला जातो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या पोयट्याच्या कणाला तीन तास लागतात. त्याहून दहापट बारीक चिकणमातीच्या कणाला तेरा दिवस, तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. गच्चीवरची टाकी दिवसा तापते, पाणी आतल्या आत फिरत राहतं, म्हणजे तेरा दिवसही कागदावरचेच. आपल्या काळ्या मातीत हीच चिकणमाती भरपूर. शिवाय तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि एकत्र येऊन जड होत नाहीत.

आपल्याकडे काय आहे ते बाटलीत कळतं. पारदर्शक बाटली भरून रात्रभर ठेवा. तळाला थर बसला आणि वरचं पाणी सकाळी स्वच्छ असेल, तर तुरटी लागतच नाही. थर बसूनही वरचं पाणी तसंच गढूळ असेल, तर ती चिकणमाती.

तुरटीतलं ॲल्युमिनिअम हा भार मारतं आणि पाण्यात कापसासारखे पुंजके तयार करतं. सुटे कण त्यात अडकतात आणि पुंजका तासा-दोन तासांत खाली बसतो. पण त्यासाठी तुरटी सगळ्या पाण्यात एकदम पसरायला हवी. आजी हंड्यात खडा चार वेळा फिरवायची, तेव्हा हंडा ढवळलाही जायचा. टाकीत लोंबकळणाऱ्या खड्याभोवती तीव्र द्रावण होतं, ते जड असल्यामुळे तळाशी उतरतं आणि वरच्या पाण्याला तुरटी पोचतच नाही.

‘अजून थोडी टाकू’ ही त्यापुढची चूक. तुरटी प्रमाणाबाहेर गेली की कणांवरचा भार उलटा, म्हणजे धन होतो आणि ते पुन्हा एकमेकांना लोटू लागतात. आबांच्या पाव किलोनं बहुधा हेच केलं. जास्तीचं ॲल्युमिनिअम पाण्यात उरतं ते वेगळंच.

मग मी प्रमाण बाटल्यांत काढलं. दहा ग्रॅम तुरटीची पूड एक लिटर पाण्यात विरघळवली. गढूळ पाण्याच्या एकेक लिटरच्या पाच बाटल्या घेतल्या आणि इंजेक्शनच्या सिरिंजने त्यांत या द्रावणाचे एक, दोन, तीन, चार, पाच मिलिलिटर घातले. प्रत्येक बाटली मिनिटभर जोरात हलवली, मग दहा मिनिटं अगदी हळू कलती करत राहिलो आणि अर्धा तास ठेवली. पहिलीत काहीच नाही, दुसरीत बारीक कण तरंगत राहिले, तिसरी स्वच्छ. चौथी-पाचवी तिसरीपेक्षा सरस नव्हत्या. तीन मिलिलिटर म्हणजे लिटरला तीस मिलिग्रॅम, म्हणजे हजार लिटरला तीस ग्रॅम. आबांच्या खड्याचा आठवा भागही नाही! जोराचा पाऊस झाला की पाणी बदलतं, तेव्हा बाटल्या पुन्हा मांडायच्या.

ते तीस ग्रॅम बादलीभर पाण्यात विरघळवून, टाकी भरत असताना पाइपाच्या धारेखाली ओतले. नंतर स्वच्छ काठीने दहा मिनिटं सावकाश ढवळलं. इथे हात आवरायला हवा, जोर लावला तर जुळलेले पुंजके फुटतात. मग तीन तास ना मोटर चालू केली, ना नळ सोडला. साका नंतर तळाच्या झडपेतून काढून टाकला.

एकाही बाटलीत पुंजके दिसले नाहीत, तर पाणी मऊ असण्याची शक्यता असते. शेततळ्यात साठलेल्या पावसाच्या पाण्यात असं होतं, कारण तुरटीला लागणारा क्षार त्यात नसतो. लिटरच्या बाटलीत एक लहान चमचा चुन्याची निवळी घालून पाहा, पुंजके लगेच धरू लागतात.

निवळलेलं पाणी लगेच प्यायचं मात्र नाही. तुरटीने बरेच जंतू गाळाबरोबर खाली जातात, सगळे नाही. क्लोरीन घालायचं तर निवळल्यावरच, आधी घातलं तर ते गाळातच खर्ची पडतं.