फोटो आला नाही, हे सात वर्षांच्या मुलाला कसं कळवाल?

दुपारी आईच्या फोनवरून दुसरीतल्या भाच्याचा मेसेज येतो: ‘मावशी मला हा सम येत नाही सांग ना’. सम कुठेच नसतो. फोटो काढायचा राहिलाय किंवा भलत्याच चॅटमध्ये गेलाय. मावशी दादरला गाडीत चढता चढता टाइप करते:

‘अरे राजा, तू फोटो जोडायला विसरलास. गणिताचा फोटो, पान नंबर आणि तुला नक्की कुठे अडचण येतेय ते पाठवलंस तर मला मदत करता येईल.’

यात प्रेम आहे, पण मुलाला ‘विसरलास’ एवढंच ऐकू येतं. पुढे तीन वस्तू मागितल्या आहेत. त्यातली तिसरी, म्हणजे नक्की कुठे अडलंय ते, त्याला सांगता आलं असतं तर बहुधा त्याने विचारलंच नसतं. मग तो फोन ठेवून खेळायला जातो.

हाच निरोप तीन छोट्या वाक्यांत बसवता येतो.

पहिल्या वाक्यात काय पोचलं ते सांगा: ‘तुझा मेसेज आला.’ हे वाक्य गाळलं, तर आपलं काहीच गेलं नाही असं समजून मूल तोच मेसेज चार वेळा पाठवत बसतं.

दुसऱ्या वाक्यात काय नाही ते सांगा: ‘सम दिसला नाही.’ कर्ता वस्तूला करा, मुलाला नको. मराठीत हे सहज जमतं. ‘तू पाठवला नाहीस’ आणि ‘आला नाही’ यांत तोच मजकूर आहे, पण दुसऱ्यात रागावल्याचा सूर नाही. शब्दही मुलाचाच वापरा. मुंबईतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाने ‘सम’ म्हटलं, की उत्तरात ‘उदाहरण’ नको. शुद्ध मराठी शिकवायची ही वेळ नव्हे.

तिसऱ्या वाक्यात एकच काम द्या: ‘समचा फोटो पाठव.’ लिहून झालं की आज्ञार्थी क्रियापदं मोजा. पाठव, बघ, सांग, लिही... एकापेक्षा जास्त सापडली तर बाकीची पुढच्या मेसेजसाठी ठेवा. पान नंबर खरंच लागणार आहे का, हे फोटो पाहिल्यावर कळेलच.

वाक्यातला क्रमही सांभाळायला हवा. लहान मुलं बऱ्याचदा ज्या क्रमाने ऐकतात त्याच क्रमाने करायला जातात. ‘पाठवायच्या आधी फोटो सरळ आहे का बघ’ यात ‘पाठव’ कानावर आधी पडतं, आणि फोटो आडवाच येतो. तशीच अडचण ‘फोटो पाठवल्याशिवाय सांगता येणार नाही’ या वाक्याची. दोन नकार उलगडून होकार काढायचं काम मुलावर पडतं. त्याऐवजी ‘फोटो पाठव. मग मी सांगते.’

म्हणून मावशीचा मेसेज असा:

‘तुझा मेसेज आला. सम दिसला नाही. समचा फोटो पाठव. मग मी सांगते.’

इंग्रजी माध्यमातलं मूल मराठी छान बोलतं, पण दुसरीत देवनागरी वाचताना पुष्कळदा अडखळतं. रोमन लिपीतली मराठी त्याहून अवघड, कारण स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. अशा वेळी हीच वाक्यं व्हॉइस मेसेजमध्ये बोला आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबा.

आता फोटो आला, पण अख्ख्या पानाचा. त्यावर आठ समं. इथे ‘असा नको होता’ म्हणू नका, कारण मागितलेलं काम त्याने केलंय. पुन्हा तोच साचा: ‘फोटो आला. खूप समं आहेत. तुझ्या समचा नंबर सांग.’ अंदाजाने पहिलाच सोडवून पाठवू नका. अडलेला पाचवा असेल, तरी मूल तो पहिलाच वहीत उतरवून मोकळं होईल.

काही वेळा ‘पाठवला’ असं उत्तर येतं आणि फोटो येतच नाही. नेट गेलं असेल तर त्याच्या फोनवर फोटोपाशी छोटं घड्याळ दिसत राहतं, पण त्याचा अर्थ मुलाला ठाऊक असेलच असं नाही. ‘पुन्हा पाठव’ दोनदा म्हणून उपयोग नसतो. कामच बदला, आणि तेही त्याला एकट्याला जमेल असं: ‘फोटो अजून आला नाही. आजीला फोन दे.’ घड्याळ, नेट, चुकीचं चॅट हे सगळं मग आजीशी बोला. घरात मोठं कोणी नसेल तर फोटोचा नादच सोडा आणि फोन लावून म्हणा, ‘सम मला वाचून दाखव.’