भात कापल्यावर नांगर न घालता अळसांदे: पहिल्या तीन वर्षांत काय अपेक्षा ठेवावी

सारद भात कापून झाले की खेर जमिनीत ओल उरते, आणि त्या ओलीवर अळसांदे घ्यायचे असतील तर नांगरणीत ती वाया घालवू नये. कापणी जमिनीलगत करा. उंच ठेवलेली धसकटे ओलीवर पुन्हा फुटतात आणि अळसांद्यांच्या वाट्याचे पाणी पितात. कापणी यंत्राने केली असेल तर पेंढा एकाच पट्ट्यात पडतो. तो त्याच दिवशी हाताने शेतभर पसरून घ्या.

पेरायची वेळ मातीच ठरवते. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर टोकणी करा. बोटांना चिकटत असेल तर थांबा, कारण अशा ओल्या शेतात फिरलात की पायाखालची माती दबून घट्ट होते आणि ती सोडवायला पुढे नांगर नाही.

1000 चौरस मीटरचे शेत धरू. भात 400 किलो आले तर पेंढाही साधारण तेवढाच, म्हणजे चौरस मीटरला 400 ग्रॅम. तण दबायला एवढा थर लागतोच. अर्धा पेंढा गुरांसाठी उचललात तर उरलेल्या विरळ थरातून तण सहज वर येते, तेव्हा गुरांसाठी हवा असेल तर एका शेताचा सगळा उचला आणि दुसऱ्याचा सगळा ठेवा. बियाणे अडीच ते तीन किलो, ओळींत 45 आणि रोपांत 15 सेंटिमीटर. प्रत्येक जागी पेंढा तळहाताएवढा बाजूला सारून मगच बी टोका. पेंढ्याची काडी बियाबरोबर भोकात गेली तर बी मातीला टेकत नाही आणि उगवत नाही. उगवल्यावर पेंढा खोडाला चिकटून राहिला तर खोड बुडाशी कुजते. डीएपी 11 किलो पुरते. ते बियापासून चार बोटे दूर, मातीत द्या, पेंढ्यावर फेकू नका.

पंधरा-वीस दिवसांनी रोपे थोडी पिवळी दिसतात. पेंढा कुजवणारे जीवाणू मातीतले नत्र तात्पुरते ओढून घेतात, त्याचा हा परिणाम. युरिया ओतण्याआधी तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी एक रोप उपटून मुळावरची गाठ कापून पाहा. आत गुलाबी असेल तर रोप स्वतःचे नत्र कमवू लागले आहे.

तणाचे खरे दुखणे पहिल्या दोन वर्षांत. नांगराने गाडले जाणारे बी आता वरच राहते, म्हणून आधी तण वाढल्यासारखे वाटते. पण वर पडलेले बी मुंग्या खातात, काही कुजते, आणि खालचा जुना साठा उकरला जात नाही. तण बी धरण्याआधी उपटले गेले तरच हा हिशोब तुमच्या बाजूने फिरतो. एका हंगामाची ढिलाई मागची मेहनत पुसून टाकते. लव्हाळा आणि हरळी मात्र पेंढ्याला जुमानत नाहीत. ज्या शेतात त्यांचे गठ्ठे आहेत तिथे आधी गाठी खणून काढा, नाहीतर ते शेत सोडून दुसरे निवडा. चुना द्यायचा असेल तर तोही सुरुवातीलाच मातीत मिसळून घ्या. वर टाकलेला चुना खाली उतरायला वर्षे घेतो, आणि आपली जांभी माती आंबट आहे.

आता माती सुधारायला इतका वेळ का लागतो ते पाहू. 400 किलो पेंढ्यात कर्ब साधारण 160 किलो. आपल्या उष्ण-दमट हवेत त्यातला बहुतेक वर्षभरात उडून जातो. मातीत फार तर 20 किलो टिकला असे धरा. वरच्या 10 सेंटिमीटर मातीचे वजन या शेतात 130 टनांच्या आसपास भरते. म्हणजे सेंद्रिय कर्ब अवघा 0.1 टक्का वाढायलाच सहा-सात वर्षे. मुळांची भर पडली तर थोडी कमी.

त्यातही जूनमध्ये चिखलणी केलीत की मातीचे बांधलेले कण पुन्हा मोडतात, गांडुळांची बिळे आणि जुन्या मुळांच्या वाटा बुजतात, 15-20 सेंटिमीटरवरचा कडक थर पुन्हा घट्ट होतो. त्यामुळे फक्त अळसांद्यांपुरता नांगर थांबवला तर मशागतीचा खर्च आणि ओल वाचते, मातीची घडण मात्र जागच्या जागी राहते. घडण हवी असेल तर भातही चिखलणीविना, टोकून घ्यावे लागते, आणि तिथे सुरुवातीला उत्पन्न घटण्याची तयारी हवी. 2015 साली जगभरातल्या 678 अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात बिननांगरणीच्या भाताचे उत्पन्न सरासरीने कमीच निघाले. म्हणून सगळी शेती एकदम बदलू नका, एकाच शेतात करा.

बदल ओळखायचा असा. शेतातले एक सुके ढेकूळ आणि मेरेवरचे, कधी न नांगरलेले, एक ढेकूळ पाण्याच्या दोन ग्लासांत अलगद सोडा. चिखलणीच्या शेतातले मिनिटभरात विरघळून पाणी गढूळ करते, मेरेवरचे बराच वेळ टिकते. दरवर्षी भात कापल्यावर हेच करा. शेताचे ढेकूळ जास्त वेळ टिकू लागले आणि कुदळीने काढलेल्या मातीत मुळे आडवी न वळता सरळ खाली गेलेली दिसली, की शेजारचे शेतही बदलायला हरकत नाही.

कापणीनंतर मोकळी सुटणारी गुरे एका रात्रीत पेंढा आणि रोपे दोन्ही संपवतात. कुंपण टोकणीच्या आधी घाला.