शंखात समुद्र का ऐकू येतो, हे नातवंडाला कसं समजवावं

पाच नातवंडांना हे समजावून झालंय. पहिलीच्या वेळी मी चुकीचं सांगितलं होतं, म्हणून ती जागा खाली सविस्तर लिहितेय. बाकीचं सोपं आहे.

मुठीएवढा किंवा त्याहून मोठा, न फुटलेला शंख घ्या. देवघरातला फुंकायचा शंख चालतो, फक्त त्याच्या टोकाचं भोक बोटानं बंद करायचं.

आम्ही पैठणला नाथसागराच्या काठावर बसतो. खरा समुद्र इथून अडीचशे किलोमीटरहून लांब आहे, म्हणून प्रश्नही इथेच जास्त पडतात. शंख पोराच्या हातात द्या आणि गप्प बसा. यंदा धाकटा म्हणाला, "आज्जी, समुद्राचा आवाज यायलाय! ह्यात कुणी भरला?"

"भरला नाही कुणी. हा तांब्या कानाला लाव बरं."

रिकामा तांब्या लावल्यावर तो ओरडला, "तांब्यात बी समुद्र!" मग लहान फुलपात्र दिलं. त्यातला आवाज बारीक होता. मग हाताची ओंजळ कानावर धरायला लावली, तर तिथेही थोडी सळसळ होतीच. एवढं झालं की शंखात खास काही कोंडलेलं नाही, हे पोराला आपसूक कळतं.

आता अवघड भाग. "मग आवाज कुठून येतो?" या प्रश्नाला पुष्कळ लोक सांगतात, तुझ्या कानातलं रक्त वाहतं, त्याचा तो आवाज. मीही थोरल्या नातीला हेच सांगितलं होतं. ती काठावर पळून दमून आली, शंख लावला आणि म्हणाली, "आजी, छाती धडधडायलीय, मग आवाज का नाही वाढला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं बरोबर होतं. आवाज रक्ताचा असता तर पळाल्यावर वाढला असता. शिवाय शांत खोलीतही तेवढाच राहिला असता, आणि तसा तो राहत नाही. ही समजूत मुलाच्या डोक्यात घालू नका, नंतर ती काढायला फार वेळ लागतो.

खरं असं आहे. आपल्या भोवती कायम बारीकसारीक आवाज असतात: वारा, काठावर आपटणारं पाणी, लांबच्या मोटारीची घरघर. शंखाच्या पोकळीतली हवा त्यातले काही सूर उचलून घुमवते, बाकीचे दबतात. मोठी पोकळी खालचे सूर उचलते, लहान पोकळी वरचे. घागर नळाखाली भरताना आवाज बारीक होत जातो, कारण आतली रिकामी जागा कमी होत जाते. तोच हा प्रकार. शंख कानापासून जरा हलला की घुमणं बदलतं, म्हणून लाट आल्यागेल्यासारखं वाटतं.

पण काठावर हे सिद्ध होत नाही. धाकट्यानं लगेच पकडलं, "मंग हे समोरच्या पाण्याचंच असंल की!" समोर पाणी आहे, तर मूल तेच धरून बसणार. म्हणून शंख घरी न्यायचा.

आमचं जुनं माळवदाचं घर आहे, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचं. दुपारी आतल्या खोलीत दार लावलं, पंखा आणि फ्रिज बंद केले. शंख कानाला घट्ट दाबायचा नाही, बोटभर फट ठेवायची, नाहीतर बाहेरचा आवाज आत शिरतच नाही. बोटंही हलवायची नाहीत, घासण्याचाच आवाज मोठा होतो. धाकट्यानं बराच वेळ ऐकलं. "आज्जी, समुद्र गेला. उगं जरासाच राहिलाय."

तो जरासा राहतो, कारण घरात पूर्ण शांतता कधीच नसते. मुलाला तसंच सांगा. आणखी शांत जागा हवी म्हणून पेवात मात्र कुणाला उतरवू नका. धान्याच्या पेवात वाईट हवा साचते, माणूस आतच गुदमरतो.

"आता शंख तसाच धर," म्हणून मी पंखा लावला. पाती फिरू लागली तसा त्याचा चेहरा उजळला. "आला! परत आला!"

"पाणी आहे का इथं?"

"नाही."

"मग काय आलं?"

तो पंख्याकडं बघत राहिला. मग स्वतः उठला, बटन बंद केलं, शंख लावला. पुन्हा चालू केलं, पुन्हा लावला. "पंख्याचा आवाज शंखात जाऊन समुद्र होतोय," तो म्हणाला आणि फुलपात्र आणायला स्वयंपाकघरात पळाला.