चारचा ब्लॉक आणि साठ पाकिटं: रँडमायझेशनमधल्या या चुका टाळा

थिसिसच्या आराखड्याचे, म्हणजे सिनॉप्सिसचे दिवस आले की माझ्या टेबलापुढे रेसिडेंटची रांग लागते. "सर, रँडमायझेशन झालंय, फक्त तुमची सही पाहिजे." काय केलंय म्हणून विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, "ब्लॉक ऑफ फोर." चारच का? "मागच्या बॅचच्या थिसिसमध्ये चारच होते." मेडिकल कॉलेजात आकडेमोड शिकवायला लागून बरीच वर्षं झाली. हा संवाद मला आता झोपेतही म्हणता येईल.

रँडमायझेशन म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे नशिबावर सोडणं, आणि ब्लॉक म्हणजे यादीतला ठरावीक रुग्णांचा तुकडा, ज्यात दोन्ही गट सारख्याच वेळा येतात. आधी ब्लॉक कशासाठी असतात ते बघू. साठ रुग्णांसाठी साठ वेळा नाणं उडवलं तर तीस-तीसच पडतील असं नाही. २४ आणि ३६ किंवा त्याहून वाईट वाटणी शंभरात साधारण पंधरा वेळा होते. ब्लॉकने तो प्रश्न सुटतो, हे सगळ्यांना पाठ असतं. दुसरं कारण मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि आपल्या भागात तेच मोठं आहे. दसरा झाला की बीड, परभणी, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गरोदर बायकाही त्यांच्यासोबत जातात. त्यामुळे सप्टेंबरातली एएनसी ओपीडी आणि डिसेंबरातली एएनसी ओपीडी या दोन वेगळ्या ओपीडी असतात. सुरुवातीच्या वीस बायकांत एका गटाच्या चौदा पडल्या, तर शेवटी आकडा तीस-तीस जुळूनही एक गट ऊसतोडीआधीचा आणि दुसरा नंतरचा होऊन बसतो. ब्लॉकमुळे दोन्ही गट हंगामाबरोबर सारखे पुढे सरकतात.

प्रत्येक रुग्णाचा गट एका बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर असतो. ब्लॉक छोटा ठेवला की मात्र पुढचं पाकिट ओळखता येतं. माझी सगळी तक्रार याच गोष्टीवर आहे.

चारच्या ब्लॉकमध्ये दोन 'अ' आणि दोन 'ब'. मांडण्या फक्त सहा: अअबब, अबअब, अबबअ, बअअब, बअबअ, बबअअ. पहिली तीन पाकिटं उघडली की चौथ्यात काय आहे हे न उघडताच कळतं. पहिली दोन सारखी निघाली तर तिसरंही कळतं. हिशोब केला तर सरासरी तीनातलं एक पाकिट आधीच उघडं असतं. गोळी कोणती आहे हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसेल, तर हे चालून जातं. पण एका गटाच्या हाताला सलाइन आणि दुसऱ्या गटाच्या हातात गोळ्यांची पट्टी असेल, तर लपवणार काय?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एक थिसिस माझ्याकडे आकडे घेऊन आला. विषय गरोदरपणातला मध्यम रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिन ७ ते ९.९. एका गटाला सलाइनमधून शिरेत आयर्न सुक्रोज हे लोहाचं औषध, दुसऱ्याला तोंडाने लोहाच्या गोळ्या. साठ बायका, चारचे पंधरा ब्लॉक, साठ बंद पाकिटं. पोरगा हुशार होता, बायकांशी प्रेमाने बोलायचा. निकालही झकास: शिरेतून लोह दिलेल्यांचं हिमोग्लोबिन भरभर वाढलेलं. मी सवयीने आधी सुरुवातीचा तक्ता उघडला. सलाइनच्या गटाचं सुरुवातीचं हिमोग्लोबिन सरासरी ७.९, गोळ्यांच्या गटाचं ८.४. एवढा फरक नशिबाने पडू शकतो, हे मान्य. पण मला चैन पडेना.

मग मी पाकिटांची यादी घेतली आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये जे पाकिट आधीच ओळखता आलं असतं त्यावर लाल पेनने खूण केली. पंधरा ब्लॉकची पंधरा चौथी पाकिटं, आणि ज्या पाच ब्लॉकमध्ये पहिली दोन सारखी होती तिथली तिसरी पाच. एकूण वीस, त्यात दहा सलाइनची आणि दहा गोळ्यांची. उरलेल्या चाळीस पाकिटांत दोन्ही गटांचं हिमोग्लोबिन जवळजवळ सारखं निघालं, ८.१ आणि ८.२. लाल खुणेच्या विसात मात्र सलाइनच्या दहा जणींचं ७.५ आणि गोळ्यांच्या दहा जणींचं ८.७! नशिबाला कुठलं पाकिट ब्लॉकमध्ये चौथं आहे हे कळत नसतं. माणसाला कळतं.

ओपीडीत जाऊन सिस्टरना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "सर, डॉक्टर रोज सकाळी विचारायचे ना, आज कोणतं पाकिट यायचंय म्हणून." स्क्रीनिंग रजिस्टर काढलं तर गोळ्यांचं पाकिट येणार असेल त्या दिवशी फार अशक्त बाईपुढे शेरा: "गुरुवारी बोलावले." पोराला समोर बसवलं. तो खोटं बोलला नाही. म्हणाला, "सर, सात पॉइंट एक हिमोग्लोबिनची बाई, अंबाजोगाईच्या पलीकडून दोन एसट्या बदलून आलेली. तिला गोळ्या देऊन कसं पाठवू?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण जिचं हिमोग्लोबिन खाली असतं तिचं वाढायला जागाही जास्त असते. त्यामुळे सलाइनचा गट औषधाआधीच पुढे होता, आणि किती वाढ औषधाची आणि किती त्या निवडीची हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"सुरुवातीचं हिमोग्लोबिन धरून विश्लेषण करू की सर." हा उपाय प्रत्येक जण सुचवतो. हिमोग्लोबिनपुरता तो चालेल. पण त्याने बायका नुसत्या आकड्यावर निवडल्या नव्हत्या. चेहरा, धाप, गाव किती लांब, सासू सोबत आहे का, हे सगळं त्याने डोळ्यांनी तोललं होतं, आणि ते कुठल्याच रकान्यात नव्हतं.

आता उपाय. पहिला उपाय सगळे सांगतात: ब्लॉकचे आकार मिसळा. चार, सहा, आठ, तेही कोणत्याही क्रमाने. मीही मिसळतो. पण त्यावर निर्धास्त राहू नका, कारण ब्लॉकचा आकार ठाऊक नसला तरी पारडं दिसतं. आतापर्यंत सलाइन सात आणि गोळ्या पाच झाल्या असतील, तर पुढे गोळ्या म्हणायचं. बरोबरी असेल तर काहीही म्हणायचं. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी पारडं बरोबरीत येतंच, त्यामुळे एवढ्या साध्या युक्तीने शंभरातले सत्तरच्या आसपास अंदाज बरोबर येतात. आकार मिसळल्याने खात्री जाते, अंदाज जात नाही.

म्हणून माझा भर पाकिट कुणी आणि कधी उघडायचं यावर आहे. यादी मी करतो, आणि ती मी किंवा ज्याचा ओपीडीशी संबंध नाही असा कुणीतरी जपतो. बाई पात्र आहे की नाही हे ठरवणाऱ्याने पाकिटाला हात लावायचा नाही. पात्रता ठरली, संमतीपत्रावर सही झाली, रजिस्टरात नाव चढलं, की मगच सिस्टर पुढच्या क्रमांकाचं पाकिट काढतात, त्यावर नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ लिहितात, आणि मग फोडतात. आतल्या चिठ्ठीला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळलेली असते. फॉइल नको म्हणणाऱ्याने आपलं पाकिट एकदा ट्यूबलाइटपुढे धरून बघावं. आणि पात्र असूनही न घेतलेल्या प्रत्येक बाईचं कारण रजिस्टरात लिहायचंच. "गुरुवारी बोलावले" तीनदा दिसलं की मी ओपीडीत चहा प्यायला जातो.

ब्लॉकचा आकार सिनॉप्सिसमध्ये छापणं ही पाकिट आधी ओळखू देण्याच्या चुकीचीच बहीण. ती प्रत रेसिडेंटच्याच बॅगेत असते! सिनॉप्सिसमध्ये "बदलत्या आकाराचे ब्लॉक" एवढंच लिहा, आकार वेगळ्या कागदावर एथिक्स कमिटीकडे द्या.

यादी मी R मध्ये करतो:

```
library(blockrand)
set.seed(4127)
blockrand(n = 60, num.levels = 2,
          levels = c("IV", "Oral"),
          block.sizes = c(2, 3, 4))
```

इथे नवखे हमखास घसरतात. `block.sizes` म्हणजे ब्लॉकचा आकार नव्हे, तर ब्लॉकमध्ये प्रत्येक गट किती वेळा येतो तो आकडा. दोन गट असताना तिथे 4 लिहिलं तर आठचा ब्लॉक मिळतो. शिवाय `n` हा किमान आकडा आहे, शेवटचा ब्लॉक पूर्ण करायला यादी साठच्या पुढे जाऊ शकते. ती जाऊ द्या, वरची पाकिटं कापून टाकू नका. साठाव्या बाईवर थांबलात तर फार तर शेवटच्या ब्लॉकच्या निम्म्याएवढा फरक राहील, म्हणजे आठच्या ब्लॉकला चारचा. `set.seed` मधला आकडा जपून ठेवा, तीच यादी पुन्हा काढता येते. आणि तो आकडा रेसिडेंटला सांगू नका, कारण त्यालाही ती काढता येते.

एक्सेलमध्ये `RAND()` वापरून यादी करणारे पुष्कळ. शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की ते आकडे बदलतात. त्यामुळे सोमवारी छापलेली यादी आणि बुधवारी उघडलेली फाइल जुळत नाही, आणि खरी कोणती यावर भांडण होतं. वापरायचंच असेल तर आकडे लगेच व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा.

ओपीडी नंबर सम-विषम बघून वाटणी करणं याला रँडमायझेशन म्हणू नका. केसपेपर दिसला की गट दिसला.

रुग्णांचे स्तर पाडून प्रत्येक स्तराची वेगळी यादी करण्याचा मोह आवरा. एका रेसिडेंटने साठ रुग्णांना तीन केंद्रं, तीन वयोगट आणि पहिलटकरीण की नाही असे अठरा कप्पे पाडले होते. एका कप्प्यात सरासरी तीन-चार बायका. चारचा ब्लॉक धड पूर्णही होत नाही, आणि अठरा अर्धवट ब्लॉकांची बेरीज केली की ज्या समतोलासाठी ब्लॉक घेतले तोच जातो. छोट्या ट्रायलला एक स्तर पुरे, फार तर दोन. केंद्र एकच असेल तर मी एकही पाडत नाही.

राहिली सोडून गेलेल्या बाईची गोष्ट. दिवाळीनंतर फोन लागत नाही, ती कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर असते. मग रेसिडेंट तिचा क्रमांक पुढच्या बाईला देतो, "जागा रिकामी राहू नये म्हणून". जागा रिकामीच राहू द्या. ती बाई ज्या गटात पडली त्याच गटात मोजली जाते, आणि पुढच्या बाईला पुढचं पाकिट. गळती धरायची असेल तर सुरुवातीलाच साठाऐवजी सत्तर पाकिटं करा, आणि टोळ्या निघायच्या आत भरती संपेल असं वेळापत्रक आखा. निदान तोडीला जाणाऱ्या बाईकडून मुकादमाचा मोबाइल नंबर लिहून घ्या, तिचा स्वतःचा बहुतेक वेळा बंद असतो.