‘नाही’ शेवटी असतं, म्हणून

सीताबर्डीच्या अभ्यासिकेत सराव पेपर तपासताना मित्र म्हणाला, "अबे, येतं तेच चुकवतोस!" प्रश्न होता: ‘खालीलपैकी कोणता मूलभूत हक्क नाही?’ पर्याय समानता, मालमत्ता, धर्मस्वातंत्र्य, शोषणाविरुद्धचा हक्क. मी पहिलाच गोल रंगवला होता. मालमत्तेचा हक्क 1978च्या 44व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला, हे मला पाठ होतं.

घोळ वाचण्यात होता. मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं आणि तोवर नजर पर्यायांवर उडी मारते. ‘अयोग्य’मधला ‘अ’ तर दिसतही नाही.

आता आधी प्रश्नाचं शेपूट वाचतो, ‘नाही’, ‘वगळता’, ‘अयोग्य’भोवती गोल करतो. मग प्रश्नपत्रिकेवरच प्रत्येक पर्यायापुढे बरोबरसाठी ब किंवा चुकीसाठी चू लिहितो. इथे आलं ब, चू, ब, ब. एकटा पडलेला तोच उत्तर, म्हणजे 2. दोन चू आले, तर एखादा पर्याय चुकीचा समजलोय, मग तेवढे दोनच पुन्हा बघतो. ‘चुकीचे नाही’ असं दुहेरी आलं, की शेजारी ‘बरोबर शोध’ लिहितो. चारही पर्याय तपासल्याशिवाय उत्तरपत्रिकेला पेन लावत नाही. नकारार्थी प्रश्नात पहिला खरा पर्याय दिसला की हात शिवशिवतो, तो असाच आवरतो.