माचा पिताना ग्रॅम मोजा, कप नव्हे

साध्या ग्रीन टीमध्ये आपण पत्ती फेकून देतो आणि पाणी पितो. माचा म्हणजे सावलीत वाढवलेल्या पानांची जात्यावर दळलेली पूड. ती पानासकट पोटात जाते. सगळा फरक इथूनच पडतो. ग्रीन टी कडक वाटला तर पाणी जरा कोमट घ्या, एका मिनिटात गाळा, कॅफिन कमी उतरतं. माचात हा उपाय चालत नाही. पाणी गार असो की गरम, पूड पोटात गेली म्हणजे कॅफिनही गेलं. तुमच्या हातात फक्त वजन आहे.

म्हणून आधी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. चमच्यावर विसंबू नका: सपाट चहाचा चमचा सुमारे २ ग्रॅम भरतो, शीग लावली की त्याच चमच्यात दुप्पट मावते. २ ग्रॅम पूड चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. ७०–८० अंशांचं ६०–७० मिली पाणी ओता आणि चासेनने, म्हणजे बांबूच्या छोट्या रवीने, फेस येईपर्यंत घुसळा. उकळतं पाणी घातलं तर चव कडू होते.

आता हिशेब. माचात प्रतिग्रॅम साधारण २० ते ४० मिलिग्रॅम कॅफिन असतं. मधला ३० धरला तर २ ग्रॅमच्या कपात ६० मिलिग्रॅम होतं. गाळलेल्या ग्रीन टीच्या कपात बहुधा याच्या निम्म्याच्या आसपास. निरोगी प्रौढांनी दिवसाला ४०० आणि गरोदरपणात २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं युरोपीय अन्नसुरक्षा संस्था सांगते. म्हणजे गरोदर बाईने ४ ग्रॅमचा एक लाटे घेतला की १२० संपले. सकाळ-संध्याकाळचा दुधाचा चहा यातच धरायचा, तो बहुतेक जण विसरतात.

दुसरी काळजी शिशाची. चहाचं झाड ते मातीतून आणि धुळीतून घेतं. गाळलेल्या चहात बरंचसं शिसं चोथ्यातच राहतं. माचात चोथा उरतच नाही. सेंद्रिय शिक्क्याचा इथे उपयोग नाही, तो मुख्यतः कीटकनाशकांबद्दल बोलतो. विक्रेत्याकडे त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि Lead समोरचा आकडा mg/kg मध्ये वाचा. त्याला रोजच्या ग्रॅमने गुणा, उत्तर मायक्रोग्रॅममध्ये येतं. समजा आकडा ०.२ आहे: २ ग्रॅममध्ये ०.४ मायक्रोग्रॅम. १ असेल आणि तुम्ही दिवसाला तीन कप घेत असाल तर ६. गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रियांसाठी अमेरिकेच्या एफडीएची संदर्भमर्यादा सगळ्या अन्नातून मिळून दिवसाला ८.८ आहे, मुलांसाठी फक्त २.२. त्यामुळे मुलांना माचाची सवय लावूच नये.

अहवालात नुसतं ND, म्हणजे ‘आढळलं नाही’, दिसलं तर लगेच खूश होऊ नका. शेजारी LOQ, म्हणजे चाचणीला नीट मोजता येणारी किमान मर्यादा, पाहा. ती १ mg/kg असेल तर त्याखालचं शिसं त्या चाचणीला नीट मोजताच येत नाही, ०.०५ असेल तर त्या ND ला अर्थ आहे.