नल स्पेस आणि कॉलम स्पेस दिलेली असताना मॅट्रिक्स बनवणे

‘कॉलम स्पेस ही, नल स्पेस ही, मॅट्रिक्स लिहा’ असा प्रश्न परीक्षेत पहिल्यांदा समोर आला, तेव्हा मी बारा अज्ञात अक्षरं मांडून समीकरणं सोडवत बसलो. वेळ संपली, उत्तर आलं नाही. पुढे कळलं, की नल स्पेसमधला प्रत्येक सदिश म्हणजे कॉलममधलं एक नातं असतं. ते वाचता आलं की अर्धं काम झालं.

समजा, कॉलम स्पेस u = (1, 2, 0) आणि v = (0, 1, 3) यांनी बनलेली हवी आणि नल स्पेस (2, −1, 1, 0) आणि (1, 3, 0, 1) यांनी. आधी मापं बघायची. u, v ला तीन घटक म्हणून तीन ओळी, नल स्पेसच्या सदिशांना चार म्हणून चार कॉलम. रँक 2, नल स्पेसची मिती 2, बेरीज 4. कॉलमही चारच, म्हणजे जमतंय. ही बेरीज जुळली नाही तर ‘असं मॅट्रिक्स नाही’ हेच उत्तर असतं. परीक्षक ते मुद्दाम विचारतात.

आता पहिला सदिश वाचा: 2c1 − c2 + c3 = 0, म्हणजे c3 = c2 − 2c1. दुसरा सांगतो c4 = −c1 − 3c2. c1 च्या जागी u आणि c2 च्या जागी v ठेवले की c3 = (−2, −3, 3) आणि c4 = (−1, −5, −9).

```
1  0  -2  -1
2  1  -3  -5
0  3   3  -9
```

दोन्ही सदिशांनी गुणून पाहा, शून्य येतं. पहिले दोन कॉलम स्वतंत्र आहेत, म्हणून रँक 2. त्यामुळे नल स्पेस दिलेल्यापेक्षा मोठी होत नाही. ही शेवटची तपासणी बरेच जण गाळतात आणि गुण तिथेच जातात.

मी स्वतः फसलो ते दुसऱ्याच ठिकाणी. तेच u, v, पण कॉलम तीन आणि नल स्पेस फक्त (1, 2, 0) ची. सवयीने u, v पहिल्या दोन कॉलममध्ये टाकले. पण इथलं नातं आहे c1 = −2c2; पहिले दोन कॉलम एकाच रेषेत असणं भागच आहे. म्हणून u, v ठेवायचे ते c2 आणि c3 मध्ये, आणि c1 = −2u = (−2, −4, 0). कुठले कॉलम मोकळे ठेवायचे हे नल स्पेसच ठरवते, आपण नाही.

प्रश्नात नल स्पेस ‘अमुक आहे’ म्हटलंय की ‘अमुक सदिश तिच्यात आहे’, हेही नीट वाचा. दुसऱ्या वेळी ती मोठी असली तरी चालते. आणि शेजाऱ्याचं उत्तर वेगळं आलं म्हणून खोडाखोड करू नका: u, v ची अदलाबदल केली तरी आकडे बदलतात आणि दोन्ही उत्तरं बरोबर असतात.